दिवे नसलेल्या हायवेवर रात्रीची गाडी : समोरचा झोत, उभा ट्रक आणि राँग साईडची दुचाकी

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडलं की रस्त्याकडेचे दिवे फक्त उड्डाणपुलांवर, टोलनाक्यावर आणि मोठ्या गावांच्या तोंडाशी दिसतात. मधला सगळा पट्टा काळोखाचा. इंदापूर, भीमानगर, टेंभुर्णी, मोहोळ या भागात साखर कारखाने भरपूर, त्यामुळे गाळप सुरू झालं की रात्री उसाच्या ट्रॉल्याही रस्त्यावर असतात. शहरात गाडी शिकलेला माणूस पहिल्यांदा अशा रस्त्यावर रात्री निघतो, तेव्हा त्याला सांगायला हव्यात अशा गोष्टी इथे लिहितो आहे. उदाहरण याच रस्त्याचं घेतलं आहे. मधे दुभाजक असलेल्या कुठल्याही अंधाऱ्या चौपदरी रस्त्याला ते लागू पडेल.

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या. झोत, उभा ट्रक आणि राँग साईडची दुचाकी हे तीन वेगवेगळे धोके म्हणून शिकवले जातात. प्रत्यक्षात अपघात होतो तो बहुतेकदा ते एकत्र आल्यामुळे. झोताने डोळे दिपतात आणि नेमक्या त्याच दोन-तीन सेकंदांत समोर काहीतरी उभं असतं किंवा येत असतं. म्हणून खाली जे सांगितलं आहे त्याचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे: डोळे दिपायच्या आधी वेग उतरलेला असला पाहिजे.

निघण्यापूर्वी : काच आणि दिव्यांची उंची

पुढची काच बाहेरून सगळेच पुसतात. आतून फार कमी जण पुसतात. डॅशबोर्डच्या प्लास्टिकचा आणि एसीचा एक पातळ तेलकट थर काचेच्या आतल्या बाजूला बसतो. दिवसा तो दिसत नाही. रात्री समोरून दिवा आला की तोच थर पांढरा पसरतो आणि अख्खी काच धुकट होते. काच साफ करायचं द्रव आणि स्वच्छ सुती फडकं घेऊन आतली बाजू पुसा, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुन्हा. वायपरचे रबर चरे पाडत असतील तर ते बदला, कारण प्रत्येक चरा झोतात एक चमकणारी रेघ बनतो.

मग दिवे. सपाट जागी भिंतीसमोर पाच मीटरवर गाडी उभी करा आणि डिपर लावा. भिंतीवर उजेडाची वरची कड दिसेल. ती कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण पाच-सहा सेंटिमीटर खाली असावी. वर असेल तर तुम्ही समोरच्यांचे डोळे दिपवत आहात. फारच खाली असेल तर तुम्हाला स्वतःला दिसत नाही. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला शून्य ते तीन आकड्यांचं एक छोटं चाक असतं. मागे माणसं आणि डिकीत सामान भरलं की गाडीचं नाक वर उठतं, तेव्हा आकडा वाढवायचा म्हणजे झोत खाली येतो. एकटेच असाल तर शून्य. हे चाक कशासाठी आहे हे वर्षानुवर्षं गाडी चालवणाऱ्या कित्येकांना माहीत नसतं.

दिव्यांची काच पिवळी पडली असेल तर पॉलिश करून घ्या. हॅलोजनच्या दिव्यात बाजारातले एलईडी बल्ब बसवू नका. त्या दिव्याची आतली वाटी हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार घडवलेली असते. एलईडी बसवला की उजेड विस्कटतो, जवळचं डांबर लख्ख दिसतं, लांबचं कमी दिसतं आणि समोरच्याला त्रास होतो. पिवळ्या काचेचे ‘रात्रीचे चष्मे’ही घेऊ नका. ते झोत कमी करतात तसा अंधारातल्या वस्तूवरून येणारा थोडासा उजेडही कमी करतात, आणि आपल्याला तोच तर हवा असतो.

गाडीतला डॅशबोर्डचा आणि मोबाइलच्या नकाशाचा उजेड दिसेल इतपत ठेवून बाकी मंद करा. आतल्या आरशाच्या खाली छोटी पट्टी असते. ती ओढली की मागच्या गाडीचा झोत मंद दिसतो.

वेग किती : डिपर जेवढं दाखवतो तेवढा

डिपरवर काळ्या, धुळीने माखलेल्या ट्रकची मागची बाजू साधारण पन्नास मीटरवर दिसू लागते. दिवे चांगले असतील तर थोडी आधी, वाईट असतील तर बरीच नंतर. हे पन्नास मीटर हाताशी धरून हिशेब करून पाहू.

ताशी ९० च्या वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. म्हणजे ट्रक दिसल्यापासून तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. रात्री एखादी अनपेक्षित वस्तू ओळखून पाय ब्रेकवर जायला दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात ३७ मीटर संपले. उरलेल्या १३ मीटरमध्ये कोरड्या रस्त्यावर कितीही दाबून ब्रेक मारला, तरी ट्रकला धडकताना गाडीचा वेग ताशी ७५ च्या आसपास असतो. ब्रेक लागलेच नाहीत म्हणावं इतका कमी फरक.

आता ६० चा वेग घ्या. सेकंदाला जवळपास १७ मीटर. दीड सेकंदात २५ मीटर, आणि थांबायला आणखी २० मीटर. गाडी ४५ मीटरवर उभी राहते आणि ट्रक पाच मीटर पुढे असतो.

म्हणून डिपरवर ६० आणि अप्परवर, म्हणजे समोर कोणी नसताना, ८० हा नव्या चालकासाठी माझा ठाम सल्ला आहे. पाऊस असेल तर त्याहूनही कमी. रस्ता १०० ने जाण्याजोगा आहे, पाटीवरही मोठा आकडा आहे, मागचा हॉर्न मारतो आहे, यातल्या कशानेही तुमच्या दिव्यांचा पल्ला वाढत नाही. वाटेत समोर गाडी नसेल आणि पुढेही जवळ कोणी चाललं नसेल, तर अप्पर जरूर लावा. अनेक नवखे लोक संकोचून रात्रभर डिपरवरच चालवतात, तेही चूक आहे.

कुठल्या लेनमध्ये

डावीकडे उभे ट्रक असतात, राँग साईडच्या दुचाकीही डाव्या कडेनेच येतात, म्हणून अनेक चालक रात्री उजवी लेन सोडतच नाहीत. मला ते पटत नाही. उजव्या लेनमध्ये समोरचा झोत सगळ्यात जवळ येतो, दुभाजकावरून माणसं आणि जनावरं अचानक उतरतात, आणि मागून सुसाट येणाऱ्या बसचा दबाव असतो. शिवाय आपल्याकडच्या गाड्यांचा डिपर मुद्दाम डावीकडे जास्त लांब पोचेल असा बनवलेला असतो, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. त्यामुळे उजव्या कडेची वस्तू तुम्हाला उशिरा दिसते.

डाव्या लेनमध्ये राहा, पण तिच्या उजव्या अर्ध्या भागात. डाव्या पांढऱ्या पट्टीपासून एक हात तरी जास्त अंतर राहू द्या. ढाबा, पेट्रोल पंप, टोल किंवा गावाचा फाटा दिसला की आरसा बघून, इंडिकेटर देऊन, आधीच उजव्या लेनमध्ये जा आणि ते ठिकाण मागे पडलं की परत या. ढाब्याच्या रंगीत माळा दूरवरून दिसतात. त्या दिसल्या की ट्रकची रांग आहे असंच धरा, कारण ढाब्याचं आवार भरलं की ट्रक साईडपट्टीवर आणि मग अर्धे लेनमध्ये उभे राहतात.

झोत आला तर

दुभाजकावर कण्हेर किंवा बोगनवेल दाट वाढलेली असते तिथे समोरचा झोत अडतो. झाडं वाळली आहेत, तोडली आहेत किंवा उंच ट्रकचे दिवे त्यांच्या वरून येतात तिथे त्रास होतो. म्हणजे झोत कुठे लागणार हे बऱ्याचदा आधी कळतं: पुढे झाडांच्या रांगेत खिंडार आहे आणि पलीकडून उजेड चढत येतो आहे.

तो चढता उजेड दिसला की चार गोष्टी क्रमाने करा. अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. गाडी आपोआप मंदावू लागेल. आपला दिवा डिपरवर घ्या. झोत पोचण्यापूर्वीच पुढचा रस्ता एकदा डोळ्यांत भरून घ्या, म्हणजे डावी पट्टी कुठे आहे, पुढे कोण चाललं आहे, लेन रिकामी आहे का. आणि मग नजर झोतावरून काढून डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा, अगदी चाकाजवळ नव्हे, तर दिसते तेवढी लांब.

समोरच्याला एकदा अप्पर-डिपर करून खूण द्या. त्याने ऐकलं नाही तर सोडून द्या. रागाने आपणही अप्पर लावून ठेवला तर दोन आंधळ्या गाड्या एकमेकींकडे येतात. काही जुने चालक एक डोळा मिटायला सांगतात. तसं करू नका, अंतराचा अंदाज जातो.

झोत निघून गेला की लगेच दिसू लागत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय परत यायला काही सेकंद लागतात, आणि वय वाढतं तसा हा वेळ वाढतो. तीन सेकंद धरले तरी ताशी ८० ला ६६ मीटर रस्ता तुम्ही नीट न पाहता कापता. बहुतेक लोक नेमकं याच वेळी, झोत गेला म्हणून सुटका झाल्यासारखं वाटून, परत पाय दाबतात. पट्टी आणि पुढचे रिफ्लेक्टर पुन्हा स्वच्छ दिसेपर्यंत पाय वरच ठेवा.

उभा ट्रक ओळखायचा कसा

ट्रकच्या मागे लाल चमकपट्टी असायला हवी, बाजूला पिवळी आणि पुढे पांढरी. पट्टी स्वच्छ असेल तर अप्परवर ती लांबून पेटल्यासारखी दिसते. पण चिखलाने, धुळीने माखलेली असेल तर जवळ जाईपर्यंत काहीच चमकत नाही. म्हणून ट्रक दिसण्याची वाट न पाहता, ट्रकमुळे काय दिसेनासं झालं आहे ते पाहायला शिका.

रस्त्याच्या डाव्या कडेला पांढरी पट्टी असते आणि तिच्याजवळ ठरावीक अंतरावर रिफ्लेक्टरचे खुंट, म्हणजे कॅट आय. नियमाप्रमाणे डाव्या कडेचे लाल, दुभाजकाकडचे पिवळे आणि लेनमधले पांढरे. सरळ रस्त्यावर ही लाल ठिपक्यांची ओळ लांबवर दिसत राहते. ती ओळ मधेच तुटली आणि तिथे नुसता काळा ठोकळा दिसला, तर त्या जागी काहीतरी उभं आहे. खुंट उखडलेलेही असू शकतात, पण ते खरं आहे का हे तपासायला वेग कमी करणं एवढाच खर्च आहे. तसंच समोरच्या बाजूच्या गाड्यांचे दिवे रस्त्याच्या वळणावर मधेच झाकले गेले आणि परत दिसले, तर त्या आणि तुमच्यामध्ये काहीतरी उंच उभं आहे.

दिवे चालू असलेला ट्रक उभा आहे की चालतो आहे हे कळणं अवघड जातं. त्याच्या दोन लाल दिव्यांमधलं अंतर बघा. ते भराभर रुंदावत असेल तर तुम्ही वेगाने जवळ जात आहात. एकच लाल दिवा दिसला तर तो दुचाकीचा धरू नका; एक दिवा गेलेला ट्रकही तसाच दिसतो आणि त्याची उरलेली रुंदी अंधारात असते.

बिघडलेल्या ट्रकचे चालक आणि क्लीनर मागे झाडाची फांदी टाकतात, मोठे दगड रचतात. रस्त्यावर हिरवी फांदी दिसली की ट्रक जवळच आहे. ट्रक निघून गेल्यावर दगड मात्र तिथेच राहतात, म्हणून ट्रक नसला तरी त्या जागेवरून चाक नेऊ नका.

उसाची ट्रॉली हा यातला सगळ्यात कठीण प्रकार. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस बाजूंनी बाहेर आलेला, मागे दिवा नाही, वेग ताशी पंधरा-वीस. कधी ट्रॅक्टरचा मागचा पांढरा दिवा चालू असतो आणि तो सरळ तुमच्या डोळ्यांत येतो. ट्रॉली ओलांडताना ऊस जेवढा दिसतो त्यापेक्षा एक मीटर जास्त बाहेर आहे असं समजून जागा सोडा.

पुढे चाललेल्या गाडीकडेही लक्ष ठेवा. ती काही कारण नसताना अचानक उजवीकडे सरकली, तर कारण आहे, तुम्हाला अजून दिसलेलं नाही इतकंच. तिच्या मागोमाग ताबडतोब सरकू नका. आधी ब्रेकला हलका पाय, मग आरसा, मग लेन. तिच्यापासून चार सेकंदांचं अंतर ठेवलेलं असेल तर हे सगळं जमतं. रस्त्यावरच्या एखाद्या फलकाजवळून ती गेली की ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं मोजा. चारच्या आत तुम्ही तिथे पोचत असाल तर फार जवळ आहात.

राँग साईडची दुचाकी

दुभाजकातून वळायची जागा लांब असते आणि घर, शेत किंवा पंप समोरच दिसत असतो, म्हणून लोक थोडं अंतर उलटे येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये ते धोकादायक चालवणं म्हणून धरलं आहे, तरी गावांच्या आसपास ते रोज घडतं. त्यामुळे त्याच्या जागा ठरलेल्या आहेत: गावाच्या फाट्याच्या अलीकडे-पलीकडे, पंपाजवळ, आणि दुभाजक जिथे तुटतो त्याच्या पुढचा पट्टा.

ओळखण्याची खूण सोपी आहे. दुभाजकाच्या आपल्या बाजूला पुढे फक्त लाल दिवे असायला हवेत. पांढरा दिवा दिसला, तर कोणीतरी तुमच्याकडे येत आहे, नाहीतर तो ट्रॅक्टरचा मागचा दिवा आहे. दोन्ही बाबतीत पाय अॅक्सिलरेटरवरून निघाला पाहिजे. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत चालूच राहतो, हे आपल्या पथ्यावर पडतं. जुन्या गाड्या, सायकली आणि पायी माणसं मात्र बिनदिव्याची असतात.

इथे वेळ फार कमी असतो. तुम्ही ८० ने आणि दुचाकी ४० ने येत असेल, तर अंतर सेकंदाला ३३ मीटर संपतं. म्हणून दुचाकीला चुकवायला स्टिअरिंग झटकून फिरवू नका. ती बहुतेक कडेनेच जाणार असते. तुम्ही अचानक तिच्याच बाजूला वळलात किंवा ती गोंधळून मधे आली तर धडक होते. ब्रेक लावून वेग उतरवा, आपली रेघ सोडू नका, एकदा अप्पर-डिपर आणि छोटा हॉर्न द्या. ती डाव्या कडेला असेल आणि उजवी लेन आरशात रिकामी दिसत असेल, तर सावकाश उजवीकडे सरका. ती दुभाजकाला चिकटून येत असेल आणि तुम्ही ट्रकला ओव्हरटेक करत असाल, तर ओव्हरटेक सोडून द्या आणि ट्रकच्या मागे परत या.

एक प्रसंग, पहिल्यापासून शेवटपर्यंत

समजा, तुम्ही रात्री साडेदहाला इंदापूर ओलांडून टेंभुर्णीकडे निघालात. डावी लेन, अप्पर, वेग ८०. पुढे दीडेकशे मीटरवर एक टेम्पो, म्हणून दिवा डिपरवर घेतला आणि वेग ७० वर आला. उजवीकडे दुभाजकावरची झाडं संपताना दिसतात आणि पलीकडून उजेड वर येतो. तुम्ही पाय काढता. डावीकडची लाल ठिपक्यांची ओळ एकदा पाहून घेता: ती बरीच पुढे एका जागी तुटलेली वाटते. झोत पोचतो. नजर डाव्या पट्टीवर, वेग ६० कडे, मग थोडा आणखी खाली. त्याच वेळी टेम्पो उजवीकडे सरकतो.

आता तुमच्याकडे दोन खुणा आहेत, तुटलेली ओळ आणि सरकलेला टेम्पो. ट्रक अजून दिसलेला नाही. आरशात बघता: उजव्या लेनमध्ये मागून बस वेगाने येते आहे. म्हणजे सरकायचं नाही, थांबण्याइतपत मंद व्हायचं. ब्रेक, वेग ३०, धोक्याचे चारही दिवे चालू करून मागच्याला कळवायचं. झोत जातो आणि साईडपट्टीवर अर्धा, लेनमध्ये अर्धा असा विटांचा ट्रक दिसतो, आणि त्याच्या उजव्या अंगाने बाहेर येणारी दुचाकी. दुचाकी ट्रकला वळसा घालून तुमच्या लेनमध्ये येते, कारण तिलाही कडेला जागा नाही. तुम्ही जवळजवळ थांबलेले आहात, म्हणून ती निघून जाते. बस पुढे जाते. मग उजवा इंडिकेटर, पुन्हा आरसा, आणि ट्रकपासून दार उघडलं तरी लागणार नाही इतकी जागा सोडून तुम्ही पुढे जाता. चारही दिवे बंद करायला विसरू नका, नाहीतर मागच्याला तुमचा इंडिकेटर कळतच नाही.

हाच प्रसंग ९० ने चाललेल्या माणसाला झोतानंतर अर्ध्या सेकंदात तीन निर्णय घ्यायला लावतो, आणि त्यातला एक निर्णय, उजवीकडे वळण्याचा, बसखाली नेणारा असतो.

तुमचीच गाडी बंद पडली तर

गाडी चालते आहे तोवर लेनबाहेर, साईडपट्टीच्याही पलीकडे मातीवर न्या. टायर फुटला असला तरी रिम खराब होऊ द्या, पण लेनमध्ये थांबू नका. चारही इंडिकेटर चालू करा, पार्किंग दिवा चालू ठेवा. लाल त्रिकोण मागे किमान पन्नास मीटरवर ठेवा. साधारण सत्तर पावलं होतात. ठेवायला जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, कडेच्या मातीवरून चाला आणि मोबाइलची टॉर्च चालू ठेवा. सगळ्यांना गाडीबाहेर, कठड्याच्या पलीकडे आणि गाडीच्या मागे न थांबवता बाजूला उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वर फोन केला की मदत मिळते. कोणी जखमी असेल तर १०८ किंवा ११२. ठिकाण सांगताना कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि तुम्ही कुठल्या गावाकडे तोंड करून उभे आहात ते सांगा, नाहीतर मदतीची गाडी दुभाजकाच्या पलीकडच्या बाजूने येते. निघताना त्रिकोण उचला, आणि मागे दगड लावले असतील तर तेही कडेला टाका.